शांताक्काचा पहारा

धाराशिवच्या बाहेर, बेंबळीच्या रस्त्याला खो-खो खेळणाऱ्या मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे. पत्र्याची मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून, मुलींच्या खोलीकडं दार असलेली कोठी आणि समोर मऊ मातीचं मैदान. शांताक्का तिथं स्वयंपाक करायची, मुली सांभाळायची आणि संशय घ्यायची. पहिल्या दोन कामांचा तिला पगार होता, तिसरं ती आवडीनं करायची.

दूधवाल्यानं दुधात पाणी घातलंय की नाही हे ती त्याचं तोंड बघून ठरवायची. भाजीवाली गोड बोलली तर भेंडी नक्की जून असणार. कोणी पोरगी आपणहून भांडी घासायला आली की अक्का आधी विचारायची, "काय फोडलंस?" आणि दहातल्या चार वेळा खरंच काहीतरी फुटलेलं निघायचं, त्यामुळं तिची खोड मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

ही खोड उपजत नव्हती हो. नळदुर्गकडची ही बाई नवऱ्यामागं एका साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या खानावळीत कामाला लागली होती. तिथं एकदा तुपाचा डबा गेला. कोठीची किल्ली शांताक्काकडं, म्हणून चोर शांताक्का. तिनं देवाच्या, लेकराच्या शपथा घेतल्या, कोणी ऐकलं नाही. ज्यानं डबा नेला तो तिथंच पंगतीत बसून मान खाली घालून जेवत होता, हे तिला फार पुढं कळलं. तोवर काम गेलं होतं आणि गावभर चोर म्हणून नाव झालं होतं. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, आपल्या ताब्यातल्या कोठीतून पुन्हा काही जाऊ द्यायचं नाही. गेलंच, तर चोर आपण दाखवायचा.

त्या वर्षी पावसाळा सरताना तिला वाटलं, गुळाचा डबा हलका लागतोय.

खरोखर हलका होता की उचलताना हात नेहमीपेक्षा जोरात गेला, कोण जाणे. पण शंका एकदा आली की अक्काच्या पोटात अन्न ठरायचं नाही. त्याच रात्रीपासून तिनं पहारा सुरू केला. झोपेतून मधूनमधून उठायचं, किल्ल्यांचा जुडगा कंबरेला लावायचा आणि हातात बॅटरी घेऊन फेरी मारायची. कोठीचं कुलूप काढून आत नजर टाकायची. कोठी आणि मुलींची खोली यांचं बटण एकच, त्यामुळं कोठीत उजेड केला की मुलींच्या डोक्यावरची ट्यूबही फडफडत पेटायची. मग कोठीचं दार तसंच उघडं ठेवून एकेका खाटेपाशी जाऊन पांघरुणाखाली पोरगीच आहे की उशी, याची खात्री करायची. खात्रीची तिची रीत साधी होती. पायाचा अंगठा धरून ओढायचा. पोरगी कण्हली की पोरगी आहे. मग पुढची खाट.

आता गंमत बघा. पहारा सुरू झाला आणि गूळ खरोखरच जायला लागला. आधी चिमूटभर, मग खडा, मग चांगला मुठीत मावेल एवढा. शेंगदाण्याचं कूट गेलं. झाकून ठेवलेल्या भाकरी कमी भरायला लागल्या. अक्कानं कपाळाला हात लावला. चोर लई निर्ढावलेला होता. आपला पहारा बघूनही घाबरत नव्हता. तिनं फेऱ्या वाढवल्या. चोरीही वाढली.

तिचा डोळा होता गौरीवर.

गौरी माकणीची. धरणाच्या काठी मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. जूनमध्ये आली तेव्हा असा सूर मारायची की खांबाआड लपलेला गडी बाद झाल्यावरच कळायचं, गौरी आली होती. हिंमतराव सर, म्हणजे तिथले प्रशिक्षक, तिच्याकडं बघून मिशीत हसायचे. पण अलीकडं पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. खो मिळाला की उठायला क्षणभर उशीर. सूर मारला की हात खांबापाशी पोचायचाच नाही. मांड्या दुखतात म्हणायची, आणि काल दुखल्या त्या आजही तशाच दुखायच्या. शिवाय खायची किती! पंगतीत तिसरी भाकरी मागायची, पिठल्याचं पातेलं खरवडायची, आणि उठताना पुन्हा विचारायची, "अक्का, गोड काय हाय का?"

"जेवून उठली आन् लगेच गोड," अक्का हर्षालीला म्हणाली. हर्षाली संघाची कर्णधार, मोठी आणि शहाणी पोर. "पोटात काय भोक हाय का हिच्या? दोनापैकी एक. एक तर ही चोर हाय, न्हाय तर काय गोळ्या खायली."

"अक्का, भूक तर आमाला पण लई लागायली," हर्षाली जांभई देत म्हणाली.

अक्कानं तिच्याकडंही संशयानं बघितलं. एवढंच.

गोळ्यांची शंका तिनं हिंमतरावांच्या कानावर घातली. सर तसे भले, पण त्यांच्या एका जुन्या खेळाडूला कोणीतरी भलतंच औषध देऊन वाया घालवलं होतं, त्यामुळं हा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी गौरीची पेटी उघडायला लावली. पेटीत निघाले दोन ड्रेस, आईचा फोटो आणि रुमालात बांधलेला गुळाचा खडा.

गौरीचं तोंड उतरलं. सगळ्या पोरी बघत होत्या.

"मग? म्या काय म्हणलं होतं?" अक्का म्हणाली. इतक्या वर्षांनी तिनं चोर पकडला होता, आणि मुद्देमालासकट.

"भूक लागते, अक्का," गौरी एवढंच बोलली. "झोपंतून उठलं की लागते. राहवतच न्हाय."

"भूक लागली तर मागायचं. चोरायचं?"

"मागितलं तर तुमी बघताव तसं..." गौरीनं वाक्य पुरं केलं नाही. तुम्ही बघता तसं कोणी बघितलं की घास घशात अडकतो, हे पोरगी बोलायची राहिली. तेवढी तिला रीत होती.

हिंमतराव कोरडेपणानं म्हणाले, "निवड चाचणी दिवाळीनंतर हाय. चोरी करनारी आन् पळायला जड झालेली पोरगी मला नको. शनिवारी मच्छिंद्रला बोलावून घेतो. घेऊन जाऊ दे."

राज्याच्या संघात जायचं म्हणून ही पोर घर सोडून आली होती.  ती रडली नाही. गुळाचा रुमाल अक्काच्या हातात देऊन मैदानावर गेली आणि चौकोनात जाऊन बसली, पाठ करून.

शनिवार उजाडायच्या आधी राजेश्वरी आली. ही फिजिओ. दर महिन्याला येऊन मुलींचे गुडघे, घोटे, पाठी बघायची. वय फारसं नाही, बोलणं हळू. अक्काला ती अजिबात आवडत नसे, कारण ती चहाला नको म्हणायची. चहाला नको म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं, असं अक्काचं पक्कं मत होतं.

राजेश्वरीनं गौरीच्या मांड्या दाबून बघितल्या. काय खातेस ते विचारलं, मग अचानक म्हणाली, "झोपतेस किती?"

गौरीनं हर्षालीकडं बघितलं. राजेश्वरीनं बाकीच्या मुलींकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे लाल, पापण्या जड. एकेक करून सगळ्यांची नजर अक्काच्या कंबरेच्या जुडग्यावर गेली.

हर्षालीनंच शेवटी सांगितलं. दहाला दिवे जातात. पाचला सरांची शिट्टी. आणि मधे अक्काची फेरी. कुलूप, ट्यूब, अंगठा. गौरीवर संशय म्हणून अक्कानं तिची खाट मुद्दाम कोठीच्या दाराला लावलेली, त्यामुळं कुलूप तिच्या कानाशी आणि ट्यूब तिच्या डोळ्यावर. शिवाय तिचा अंगठा जाता एकदा, येता एकदा.

"म्हणजे झोप कमी, आणि जी आहे ती फाटकी," राजेश्वरी म्हणाली. मग ती अक्काकडं वळली. आवाज चढवला नाही. "अक्का, पोरी दिवसभर पळतात तेव्हा त्यांचे स्नायू थोडे थोडे उसवतात. ते शिवायचं काम जास्त करून झोपेत होतं. झोप लागल्यावर सुरुवातीला जी गाढ झोप असते ना, त्या वेळी शरीर वाढीचं संप्रेरक भरपूर सोडतं. ती झोप मोडली, नाहीतर एकूण झोपच कमी पडली, की शिवण अर्धी राहते. दुसऱ्या दिवशी त्याच मांड्यांवर पुन्हा पळायचं. मग दुखणार नाही तर काय?"

"आन् भूक? ती पन झोपंनंच लागती?" अक्का फणकारली.

"बऱ्याच अंशी. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक मेंदूला सांगतं, खायला दे. दुसरं असतं लेप्टिन, ते सांगतं, आता पुरे. झोप पुरी झाली नाही की बहुतेकांत पहिलं वाढतं आणि दुसरं कमी पडतं. सगळ्यांचं अगदी एकसारखं होतं असं नाही. पण जागरण झालेलं माणूस गरजेपेक्षा जास्त खातं, आणि त्यातही गोड शोधतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. या पोरीच्या पोटाला पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही, अक्का."

"वा! म्हणजे चोरी तिनं करायची आन् चोर म्या?"

राजेश्वरीनं उलट विचारलं, "एक सांगा. आधी चोरी सुरू झाली की आधी पहारा?"

 अक्काला डबा आठवला. हलका लागलेला. लागलेला! तिनं तो मोजला नव्हता, तोलला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही चहा न पिणारी बाई पोरीला वाचवायला गोष्टी रचतेय, हे उघड होतं. मोठमोठे शब्द टाकले की अडाणी माणूस गप्प बसतं, असं हिला वाटतंय.

"सर," ती हिंमतरावांना म्हणाली, "मच्छिंद्रला आठ-पंधरा दिस बोलावू नका. म्या या मॅडमचं सोंग उघडं पाडते."

डाव तिचा तिनंच रचला आणि त्यावर ती खूश होती. गौरीला तिनं आपल्या खोलीत झोपायला पाठवलं. मैदानाच्या पलीकडची खोली, तिथून कोठीपर्यंत यायचं तर फाटकाचं कुलूप मधे. गूळ जायचा थांबला म्हणजे चोर तीच, आणि तिची भूक झोपेची नव्हती, हावेची होती. स्वतः अक्का गौरीच्या खाटेवर, कोठीच्या दाराशी. आणि पहारा? तो बंद करायचा नव्हता. अक्कानं जुडगा आणि बॅटरी हर्षालीच्या हातात दिली.

"म्या करते तसंच करायचं. कुलूप, उजेड, अंगठा. मला पन सोडायचं न्हाय. दुपारी तू झोप काढ, सरांस्नी म्या सांगते. बघू कुनाच्या पोटात काय होतंय ते."

हर्षाली गुणी पोर. सांगितलं तसं तिनं तंतोतंत केलं. अंगठा ओढताना तर जरा जास्तच जीव लावून ओढला.

पहिल्या सकाळी अक्का ताठ मानेनं उठली. काही झालं नाही म्हणाली. आधी फेरीला आपण उठायचो ते आपल्या मनानं, आणि दुपारी कोठीत पोत्यावर डुलकी काढून ते भरून निघायचं, हे तिच्या ध्यानात नव्हतं. आता दुपारची डुलकी तिनं हट्टानं सोडली होती, पोरींना डुलकी नाही तर मलाही नको. दोन-तीन दिवसांत तिचे खांदे भरून आले. भाकरी थापताना दंड दुखायचे, रात्री तेल लावलं तरी सकाळी पुन्हा तसेच. पिठाचा गोळा परातीत आपटताना हात सुस्त पडायचा. पोरींवर ती उगाचच खेकसायला लागली.

आणि भूक. एका भाकरीवर दिवस काढणारी बाई म्हणून तिचा लौकिक होता. ती स्वतःच सांगायची, "म्या एकच खाते, आन् ती पन लाजंकाजं." आता तिनं दुसरी घेतली. मग पोरी उठून गेल्यावर तिसरी. मग वाटलं, जिभेवर कायतरी गोड पडलं तर बरं होईल. तिनं स्वतःकडंच संशयानं बघितलं. हे कसलं डोहाळं या वयात?

गौरीकडं मात्र ती रोज डोळे बारीक करून बघत होती. पोरगी पहिल्या रात्री झोपली ती शिट्टी वाजली तरी उठेना, हिंमतरावांना दार ठोकावं लागलं. नंतर तीही घडी बसली. रात्री अंग टाकलं की झोपायची, कारण त्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं. ना उजेड, ना किल्ल्या. हळूहळू तिसरी भाकरी बंद झाली. एक दिवस तर तिनं ताटात अर्धी भाकरी ठेवली.

"का गं? बरं न्हाय का?" अक्कानं दरडावून विचारलं.

"भरलं पोट, अक्का."

अक्काला वाटलं, नाटक. मग संध्याकाळी तिनं मैदानावर बघितलं. गौरीला खो मिळाला, ती उठली कधी ते दिसलंच नाही, आणि खांबापाशी तिनं सूर मारला तेव्हा पलीकडची पोरगी जागच्या जागी बाद झाली. हिंमतरावांचा हात आपोआप मिशीकडं गेला. नाटकात इतकं पळता येत नाही, एवढं अक्कालाही कळत होतं.

तरीही एक गोष्ट तिच्या बाजूनं होती. निदान असायला हवी होती. गौरी नाही, तर गूळ जायचा थांबायला हवा होता. आणि गूळ तर जातच होता. अक्का रोज डबा हातात घेऊन हलवून बघायची आणि रोज तो कालच्यापेक्षा हलका असायचा. मग चोर दुसरीच कोणी? हर्षाली? किल्ली तिच्याकडं. किल्ली जिच्याकडं, चोर तीच.

हा विचार मनात आला आणि अक्का जागच्या जागी थिजली. हे वाक्य तिनं कुठंतरी ऐकलं होतं. खानावळीत, भरल्या पंगतीपुढं, स्वतःबद्दल.

तो दिवस अक्कानं कसाबसा काढला. पहाटे तिला हर्षालीच्या फेरीनं जाग आली ती पुन्हा डोळा लागेना. पोटात खड्डा पडला होता. चूल पेटवायला अजून अवकाश होता. तिनं उशाखाली ठेवलेली कोठीची दुसरी किल्ली घेतली. कोठीत ज्वारी बघायला जातेय, असं तिनं मनात ठरवलं होतं. ज्वारीचं पोतं उजवीकडं होतं आणि ती गेली डावीकडं. अंधारात तिच्या हाताला डब्याचं झाकण बरोबर सापडलं. इतक्या सवयीनं सापडलं, की तिलाच दचकायला झालं. तिनं खडा तोंडात टाकला. मग दुसरा. त्यावर कुटाची बुकणी.

डोक्यावर ट्यूब फडफडली.

दारात हर्षाली होती. हातात बॅटरी, डोळे चोळत. अक्काचा गाल गुळानं फुगलेला, बोटं चिकट, आणि तोंडातून शब्द निघायला जागा नाही.

"अक्का?" हर्षाली म्हणाली. मग तिनं बटण बंद केलं आणि गुमान आपल्या खाटेवर जाऊन पडली. पोरीनं अंधार करून दिला, हे अक्काला जास्त लागलं.

ती अंधारात पोत्यावर बसली. जाताना-येताना काढलेले, "बघू तरी" म्हणून तोंडात टाकलेले सगळे खडे तिला एकेक करून आठवायला लागले. आज पहिला नव्हता. गेले कितीतरी दिवस ती आपल्याच गुळाची राखण करत होती आणि आपणच तो खात होती. आणि अजून एक गोष्ट तिला आठवली. गुळाचा रुमाल देऊन मैदानात पाठ करून बसलेली गौरी. 

सकाळी पंगत बसली तेव्हा हिंमतराव आले. ते जाणूनबुजून मोठ्यानं म्हणाले, "मग अक्का, सापडला का चोर? आज मच्छिंद्रला फोन करायचा का न्हाय, सांगा."

गौरीचा घास हातातच राहिला. हर्षालीनं मान खाली घातली. अगदी तशी, जशी त्या खानावळीत एकानं घातली होती. फक्त ही मान दुसऱ्यासाठी खाली गेली होती. अक्काला सहज गप्प बसता आलं असतं. कोणी विचारणार नव्हतं.

"सापडला," ती म्हणाली. "गूळ म्या खायले. काल पन, परवा पन. झोपू दिलं न्हाय म्हनून खायले. आन् या पोरीनं खाल्ला तो पन माझ्यापायीच. आधी पहारा सुरू झाला, सर. चोरी मागून आली."

 मग गौरीनं खाली मान घालून हातातला घास खाल्ला, आणि तो तिला नीट गिळता आला.

अक्कानं त्याच दिवशी अंगठे ओढणं सोडलं. कोठीची ट्यूब वेगळ्या बटणावर घ्यायला लावली. हिंमतराव आधी कुरकुरले, पण राजेश्वरीनं सांगितल्यावर दिवे नऊला जायला लागले आणि शिट्टी साडेसहावर गेली. गूळ आता डब्यात टिकतो. महिन्याचा गूळ महिनाभर पुरतो, आणि दुपारी सगळ्यांना शेंगदाणे-गूळ मिळतो, मागायच्या आधी. दिवाळीनंतरच्या चाचणीत गौरीची निवड झाली. मच्छिंद्र पेढे घेऊन आला, तेव्हा मागं त्याला कशासाठी फोन जाणार होता हे कोणी सांगितलं नाही.

अक्काचा संशय गेला का? छे! तो कुठं जाणार? राजेश्वरी अजून चहा घेत नाही आणि अक्का अजून तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघते. रात्री ती उठतेही, पण दाराबाहेर बसते. कुत्रं भुंकलं तर त्याच्यावर संशय, मोबाइलचा उजेड दिसला तर त्याच्यावर. एकदा हिंमतराव शिट्टीच्या आधी येऊन दार वाजवायला लागले, तर तिनं त्यांच्या हातातली शिट्टीच काढून घेतली.

आणि पंगतीत एखादी पोर जास्तीची भाकरी मागते, उठताना गोड आहे का विचारते, तेव्हा अक्का ताटात भाकरी टाकते, गुळाचा खडा ठेवते, आणि पोरीच्या हाताकडं न बघता डोळ्यांकडं बघते.

"खा," ती म्हणते. "पन आधी खरं सांग. काल कुनी झोपू दिलं न्हाय तुला?"